राफ्टसाठी किती क्यूब? 115 घनमीटरच्या ओतकामाच्या नोंदी (पाथर्डी फाटा, नाशिक)

2 मे

पार्किंग अधिक चार मजल्यांची इमारत. मी मालकाच्या बाजूने साइट बघते. पुढच्या आठवड्यात राफ्ट, म्हणजे इमारतीखालचा पायाचा जाड स्लॅब, ओतायचा आहे, ग्रेड एम 30, माल आरएमसीचा, म्हणजे प्लांटवरून तयार येणारं काँक्रीट. राफ्टचं माप 16 मीटर बाय 12 मीटर, जाडी 600 मिमी, म्हणजे 115.2 घनमीटर. गाडी 6 घनमीटरची येते. थोडी नासधूस धरून 20 गाड्यांची ऑर्डर जाईल.

क्यूब म्हणजे ताकद तपासायला साच्यात, म्हणजे मोल्डमध्ये, भरून नंतर फोडायचे काँक्रीटचे ठोकळे. त्यांचा विषय आज निघाला तो मोल्डवरून. स्टोअरमध्ये 12 मोल्ड आहेत. ठेकेदाराचे सुपरवायझर म्हणाले, "मॅडम, संहितेच्या तक्त्यात सहा लिहिलंय. सहा क्यूब भरतो, सहा मोल्ड उरतात." जुन्या कामाचं रजिस्टर मागवून बघितलं. तिथेही तसंच: पहिल्या गाडीतून सहा क्यूब, तीन सात दिवसांना, तीन अठ्ठावीस दिवसांना, आणि शेरा "समाधानकारक". बाकीच्या गाड्यांचा रजिस्टरमध्ये मागमूसही नाही.

तक्त्यातला आकडा क्यूबचा नाही, नमुन्यांचा आहे. काँक्रीटची भारतीय संहिता आयएस 456:2000 प्रमाणे एकाच ग्रेडच्या मालासाठी 1 ते 5 घनमीटरला 1 नमुना, 6 ते 15 ला 2, 16 ते 30 ला 3, 31 ते 50 ला 4, आणि त्यापुढे प्रत्येक 50 घनमीटरला किंवा त्याच्या भागाला आणखी 1. नमुना म्हणजे एका गाडीतून एका वेळी घेतलेला माल. त्या मालाचे तीन क्यूब भरायचे, 28 दिवसांनी तिन्ही फोडायचे, आणि त्यांची सरासरी हा त्या नमुन्याचा एक निकाल. एका गाडीतून सहा काय, साठ क्यूब भरले तरी नमुना एकच.

आमच्या 115 घनमीटरला तक्त्याने 4 अधिक 2, म्हणजे 6 नमुने होतात. 28 दिवसांचे क्यूब 18. सात दिवसांचे हवे असतील तर ते याच्या वर, कारण 28 दिवसांचे तीन कुठेही कमी करता येत नाहीत.

सुपरवायझरांना हे पटायला वेळ लागला नाही. त्यांनी लगेच मोल्ड मोजले आणि पंचाईत त्यांच्याही लक्षात आली.

4 मे

सहा नमुन्यांवर समाधान मानायचं का, यावर आज स्ट्रक्चरल कन्सल्टंटांशी बोलणं झालं. माझी अडचण अशी होती. स्वीकृतीचा नियम सलग चार निकालांच्या गटावर चालतो, आणि गट एकमेकांत मिसळलेले चालत नाहीत. सहा नमुने घेतले तर चारांचा एक गट होतो आणि दोन निकाल अधांतरी राहतात. राफ्टचा शेवटचा तिसरा हिस्सा कोणत्याच सरासरीत बसत नाही.

त्यांनी त्याच संहितेतलं पुढचं कलम दाखवलं. नमुन्यांचं सरासरी प्रमाण ठरवून दिलेलं नसेल, तर सलग चार निकाल जास्तीत जास्त 60 घनमीटर मालाचं प्रतिनिधित्व करू शकतात. म्हणजे नमुन्यामागे 15 घनमीटर. सहा नमुन्यांत आमचा एक नमुना 19 घनमीटरला पडतो, चारांचा गट 77 घनमीटरवर जातो.

ठेकेदाराचं म्हणणं, तक्ता आहे म्हणजे प्रमाण ठरलेलंच आहे, 60 ची अट आपल्याला लागू नाही. असंही वाचता येतं, मी नाकारत नाही. पण आमच्या करारात प्रमाण लिहिलेलं नाही, आणि तक्ता स्वतःला "किमान" म्हणवतो. कन्सल्टंटांनी 8 नमुने असं लेखी कळवलं. आठात चारचे दोन गट नीट बसतात, प्रत्येक गट 10 गाड्यांचा, बरोबर 60 घनमीटर.

पुढच्या ओतकामांसाठी शीट करून ठेवली. A2 मध्ये एकूण घनमीटर टाकायचे. B2 तक्त्याप्रमाणे, C2 साठ घनमीटरच्या अटीप्रमाणे, D2 मध्ये दोन्हींतला मोठा आकडा:

```
B2: =IF(A2<=5,1,IF(A2<=15,2,IF(A2<=30,3,IF(A2<=50,4,4+ROUNDUP((A2-50)/50,0)))))
C2: =ROUNDUP(A2/15,0)
D2: =MAX(B2,C2)
```

आकडे बदलून बघितलं तर 75 घनमीटरपर्यंत तक्ता एक तर बरोबरीत राहतो नाही तर पुढे असतो. 75 ओलांडलं की साठची अट पुढे जाते. म्हणून साध्या घराच्या स्लॅबला हा वाद कधी उठतच नाही. राफ्ट आणि मोठे स्लॅब आले की उठतो.

शीट वापरताना A2 मध्ये एका ग्रेडचाच माल टाकायचा. एकाच रात्री कॉलम एम 30 आणि स्लॅब एम 25 ओतला तर दोन ओळी, दोन वेगळे हिशोब. आणि प्रत्येक पाळीत निदान एक नमुना पाहिजेच, बेरीज काहीही येवो.

6 मे

मोल्डचा हिशोब: 8 नमुने गुणिले 3, म्हणजे 24. सात दिवसांसाठी दोन गाड्यांतून प्रत्येकी 3 जास्तीचे, म्हणजे 6. एकूण 30. मोल्ड चोवीस तासांनी सुटतात, त्यामुळे तेच मोल्ड त्याच रात्री परत वापरता येत नाहीत. 18 मोल्ड भाड्याने आणले, मोल्डमागे दिवसाला 40 रुपये, दोन दिवसांचे 1440.

भाड्याच्या मोल्डांपैकी तीन परत केले. एकाचा कोपरा काटकोनात नव्हता, दोघांच्या बेस प्लेटखालून उजेड दिसत होता. त्या फटीतून सिमेंटचं पाणी गळतं आणि क्यूबच्या खालच्या कडेला मधमाश्यांच्या पोळ्यासारखी भोकं पडतात. बदलून घेतले. गोडाऊनवाल्याने कुरकुर केली, पण दिले.

लॅबचा दर तीन क्यूबच्या संचाला 600. दहा संचांचे 6000. सहा नमुन्यांवर भागवलं असतं तर लॅब आणि मोल्ड मिळून 1680 रुपये वाचले असते. रात्रीत ओतला जाणारा माल साडेसहा लाखांच्या आसपासचा आहे, त्यामुळे मालकांनी काही विचारलं नाही.

एक सूचना नाशिकमधल्या लोकांसाठी. सिंहस्थाच्या कामांमुळे लॅबमध्ये गर्दी आहे. 28 व्या दिवसाची वेळ आधीच लिहून घ्या. आम्ही आज सांगितलं म्हणून जागा मिळाली.

8 मे

कोणत्या गाड्यांतून नमुना घ्यायचा ते आज ठरलं. संहितेला नमुने यदृच्छेने हवे आहेत, म्हणजे कोणत्याही गाडीला निवडलं जाण्याची संधी असली पाहिजे. ते ओतकामाच्या पूर्ण वेळेत पसरलेले हवेत, आणि माल जितक्या मिक्सिंग युनिटमधून येईल त्या सगळ्यांतून घेतलेले हवेत. हे शेवटचं वाक्य लक्षात ठेवा, दुसऱ्या दिवशी रात्री तेच कामी आलं.

20 गाड्यांचे पाच-पाचचे चार हिस्से केले. प्रत्येक हिश्शाच्या पाच चिठ्ठ्या, त्यांतून दोन उचलायच्या. नुसत्या 20 चिठ्ठ्या एकत्र करून आठ उचलल्या असत्या तर सगळ्या पहिल्या निम्म्यात येण्याची भीती होती. निघाल्या त्या अशा: 2 आणि 4, 7 आणि 10, 11 आणि 12, 17 आणि 19. सात दिवसांचे जास्तीचे क्यूब 4 आणि 17 नंबरच्या गाडीतून. यादी माझ्याकडे आणि कन्सल्टंटांकडे. प्लांटला कळवली नाही.

सुपरवायझरांनी विचारलं, "पहिली गाडी का नाही? सगळे पहिल्याच गाडीतून घेतात." पहिली गाडी प्लांटवाले सगळ्यात जपून भरतात, साइटवर सगळे तिच्याभोवती उभे असतात. तिचा क्यूब चांगला येणार हे आधीच ठाऊक असतं. तिची चिठ्ठी निघाली असती तर घेतलीच असती, पण ठरवून घ्यायची नाही.

9 मे, रात्र

दिवसाच्या उन्हात 600 मिमी जाडीचा राफ्ट ओतायचा नाही म्हणून संध्याकाळी 7:15 ला सुरुवात. प्रत्येक गाडीचा स्लम्प, म्हणजे माल किती सैल आहे त्याचं माप, घेतला. ठरलेला 130 मिमी, 25 इकडेतिकडे चालतो.

नमुना घेण्याची पद्धत: गाडीतून सुरुवातीचा आणि शेवटचा माल घ्यायचा नाही. मधल्या मालातून थोड्या-थोड्या वेळाने तीन घमेली घेतली, पत्र्याच्या ट्रेमध्ये ओतून फावड्याने एकजीव केली, मग मोल्ड भरले. तीन क्यूबना माल लागतो सुमारे 10 लिटर, आम्ही अडीच पट घेत होतो म्हणजे मिसळायला सोपं जातं. मोल्ड तीन थरांत भरायचा, प्रत्येक थराला 16 मिमीच्या रॉडचे 35 ठोके. हे काम एकाच माणसाला दिलं होतं. लोखंडी रॉड, मान खाली, ओठांवर मोजणी. त्याला मध्ये कुणी हाक मारली की तो थर पुन्हा पहिल्यापासून मोजायचा. बाकीच्यांना मी सांगून ठेवलं होतं की त्याच्याशी बोलू नका.

2, 4, 7, 10 वेळेत झाल्या. दहावी गाडी रिकामी झाली तेव्हा 11:40 वाजले होते. 11 आणि 12 मध्यरात्रीनंतर.

बारावी गाडी गेल्यावर पुढची येईना. फोन केला तर प्लांटचा मिक्सर बंद पडला होता. एक तास वीस मिनिटांनी तेरावी गाडी आली, चलन वेगळ्या गावाचं. त्याच पुरवठादाराच्या दुसऱ्या प्लांटवरून माल पाठवला होता. तीन गाड्या तिकडून येणार, सोळाव्यापासून पुन्हा मूळ प्लांट.

आमच्या यादीत 13, 14, 15 नव्हत्या. यादीला चिकटून राहिलो असतो तर 18 घनमीटर माल एका वेगळ्या युनिटमधून राफ्टमध्ये गेला असता आणि त्याचा एकही क्यूब नसता. कन्सल्टंटांना फोन केला. ते म्हणाले, या तीनमधून एक नमुना वाढवा. मोल्ड मात्र तीसच होते, आणि तेही वाटून ठेवलेले. सतराव्या गाडीचे सात दिवसांचे तीन मोल्ड रद्द केले आणि इकडे वापरले. सात दिवसांचा आकडा फक्त अंदाज देतो, स्वीकृती 28 वर असते. निवड करायची वेळ आली तर 28 चा नमुना ठेवायचा.

तीन चिठ्ठ्या केल्या, पंपवाल्या दादांना उचलायला सांगितली. 14 निघाली.

तेराव्या गाडीचा स्लम्प 150, मर्यादेत. चौदाव्याचा 175, मर्यादेच्या बाहेर. गाडी परत पाठवायची का, यावर पाचेक मिनिटं गेली. राफ्टचा खालचा थर दीड तास उघडा होता, आणखी थांबलो तर कोल्ड जॉइंट, म्हणजे दोन थरांत न जुळलेला सांधा, पडणार. कन्सल्टंटांनी फोनवर निर्णय दिला: गाडी घ्या, पण एक थेंबही पाणी घालू देऊ नका, आणि माल नक्की कुठे पडतोय ते नकाशावर आखा. 13 ते 15 चा माल ग्रिड सी आणि डी च्या मध्ये पडला. नकाशावर लाल पेन्सिलीने आखलं, खाली सुपरवायझरांची आणि माझी सही. चलनावर वेळ आणि स्लम्प दोन्ही लिहून घेतले.

विसावी गाडी पहाटे 4:30 ला संपली. एकूण 9 नमुने, 27 क्यूब 28 दिवसांचे, 3 सात दिवसांचे. तीसही मोल्ड वापरात. क्यूबांसाठी लागलेला माल सगळा मिळून 101 लिटर, घनमीटरचा दहावा हिस्सा.

10 मे

मोल्ड स्टोअरच्या खोलीत जमिनीवर ओल्या गोणपाटाखाली होते. बाहेर उन्हात ठेवले असते तर दुपारपर्यंत तापले असते. पहिला दिवस 27 अंशांच्या आसपास, दोन अंश खाली-वर इतकाच गेला पाहिजे.

रात्री 8 ला सुपरवायझर सगळे मोल्ड एकदमच उघडायला निघाले. पहिल्या चार नमुन्यांच्या क्यूबमधले 8 ला चोवीस तास झालेले फक्त दुसऱ्या गाडीचे. एकोणिसाव्या गाडीचे क्यूब पहाटे चार वाजता भरलेले, त्यांना जेमतेम सोळा तास झाले होते. चोवीस तासांत अर्धा तास इकडेतिकडे इतकीच मुभा आहे. हिरवा क्यूब काढताना कडा तुटते, आणि तुटलेल्या कडेचा क्यूब फोडून त्यावर वाद घालण्यात अर्थ नाही. म्हणून गाडीच्या वेळेप्रमाणे उघडायचं ठरलं. शेवटचे पहाटे निघाले. वॉचमन काका माझ्यासोबत बसले आणि कंदिलाऐवजी मोबाइलचा दिवा धरला.

क्यूबवर नंबर तेलाच्या रंगाने: गाडी, क्यूब, आणि तारीख. तारखेत गोंधळ होऊ शकतो हे आधी सांगून ठेवते. 2, 4, 7, 10 चे क्यूब 9 तारखेचे, बाकीचे 10 तारखेचे. रजिस्टरमध्ये "राफ्ट, 9 मे" असं एकच लिहिलं असतं तर अर्धे क्यूब 27 व्या दिवशी फुटले असते. वय मोजायचं ते मालात पाणी पडलं तेव्हापासून.

13 मे

पुरवठादाराकडून तिन्ही गाड्यांच्या बॅच शीट मागवल्या. चौदाव्याच्या शीटवर क्रश सँडमधल्या ओलाव्याचा रकाना शून्य. मूळ प्लांटच्या शीटवर तोच रकाना भरलेला असतो. वाळू ओली असताना शून्य टाकलं की मशीन पूर्ण पाणी घालतं आणि वाळूतलं पाणी त्यात जमा होतं. 175 स्लम्पचं कारण इथे दिसतं. पुरवठादाराचे इंजिनिअर साइटवर आले, शीट बघितली आणि मान्य केलं. त्यांनी पुढे आमचा माल मूळ प्लांटवरूनच येईल असं लेखी दिलं.

16 मे

चौथ्या गाडीचे सात दिवसांचे तीन क्यूब फोडले: 24.8, 25.6 आणि 18.9 न्यूटन प्रति चौरस मिमी. सरासरी 23.1. तिन्ही क्यूब सरासरीच्या 15 टक्क्यांच्या आत पाहिजेत, म्हणजे 19.6 च्या खाली एकही नको. तिसरा बाहेर गेला, त्यामुळे हा निकाल अवैध. दोन चांगल्यांची सरासरी घेऊन पुढे चला, असं करता येत नाही.

तिसऱ्या क्यूबचं वजन 7.86 किलो, बाकीचे 8.3 च्या आसपास. फुटल्यावर तळाशी पोकळी दिसली. त्या मोल्डचा खालचा थर नीट ठोकला गेला नव्हता. चौथ्या गाडीच्या वेळी स्लम्प घेणाऱ्या मुलाने मदत म्हणून काही मोल्ड भरले होते, हे चौकशीत कळलं. पुढच्या ओतकामाला मोल्ड भरणारा एकच, बदली लागली तर ती आधी ठरलेली.

निकाल अवैध झाला तो सात दिवसांचा होता, स्वीकृतीवर परिणाम नाही. पण 28 चा एखादा असाच गेला असता तर गटातला एक निकाल कमी झाला असता. म्हणूनही नमुने नेमके तक्त्याइतके घेऊ नयेत असं मी सांगते.

19 आणि 22 मे

राफ्टवरचे कॉलम, एम 30, 8.6 घनमीटर: तक्त्याने 2 नमुने. तीन दिवसांनी लिफ्टच्या खड्ड्याच्या भिंती, एम 30, 4.5 घनमीटर: 1 नमुना. दोन्हींची बेरीज करून 13.1 ला 2 असंही निघालं असतं, पण दिवस वेगळे, पाळी वेगळी, आणि प्रत्येक पाळीत एक पाहिजेच.

6 आणि 7 जून

दोन्ही दिवस लॅबमध्ये हजर होते. क्यूब टाकीतून काढून ओलाच मशीनमध्ये ठेवायचा. मोल्डमध्ये जी बाजू वर होती आणि थापीने सारखी केली होती, ती वर-खाली येऊ द्यायची नाही, मोल्डच्या पत्र्याला लागलेल्या बाजूंवर दाब आला पाहिजे. दाब वाढवायचा वेग मिनिटाला चौरस सेंटीमीटरला 140 किलो. आमचा एक क्यूब फुटायला अडीच मिनिटांहून थोडा जास्त वेळ लागायला हवा. पहिला क्यूब मिनिटभरात फोडायला घेतला तेव्हा ऑपरेटरना नम्रपणे थांबवलं. वेग जास्त असला की आकडा फुगतो, आणि फुगलेला आकडा माझ्या काय कामाचा.

नमुन्यांचे निकाल, प्रत्येक तीन क्यूबची सरासरी, न्यूटन प्रति चौरस मिमी:

गाडी 2: 36.6
गाडी 4: 37.9
गाडी 7: 35.2
गाडी 10: 36.1
गाडी 11: 35.8
गाडी 12: 36.3
गाडी 14: 29.4
गाडी 17: 35.7
गाडी 19: 37.1

लॅबमध्येच सुपरवायझरांचा चेहरा उतरला. "एम 30 ला 29.4, म्हणजे नापास ना मॅडम?" नापास नाही. नियम दोन आहेत आणि दोन्ही एकदम पाळले गेले पाहिजेत. एक, चारांच्या गटाची सरासरी. आमच्याकडे 30 निकाल जमलेले नाहीत, म्हणून प्रमाण विचलन, म्हणजे निकाल किती पसरतात त्याचं माप, संहितेतलं गृहीत 5 धरायचं. 0.825 गुणिले 5, अर्ध्याच्या पटीत 4.0. म्हणजे सरासरी निदान 34.0. दोन, एकही नमुना 30 वजा 3, म्हणजे 27 च्या खाली नको.

पहिला गट 2, 4, 7, 10: सरासरी 36.5. दुसरा गट 11, 12, 14, 17: सरासरी 34.3. दोन्ही 34 च्या वर. 29.4 हा 27 च्या वर. राफ्ट स्वीकृत.

पण दुसरा गट किती काठावर उभा आहे ते बघा. चौदावी गाडी यादीत घातली नसती तर गट 11, 12, 17, 19 चा झाला असता, सरासरी 36.2, आणि आम्ही सगळे खूश होऊन घरी गेलो असतो. ग्रिड सी-डी मधला माल तितकाच राहिला असता, फक्त कुणाला माहीत नसता.

कन्सल्टंटांनी नकाशा, बॅच शीट आणि निकाल एकत्र बघितले. त्या भागातला राफ्टचा भार 29.4 ला पुरेसा आहे, कोअर, म्हणजे तपासणीसाठी राफ्टमधून कापून काढलेला तुकडा, काढायची गरज नाही, असं त्यांनी लेखी दिलं. नकाशा आखलेला असल्यामुळे हे उत्तर एका दिवसात मिळालं. नाहीतर 192 चौरस मीटरच्या राफ्टमध्ये तो माल कुठे आहे हे शोधायलाच कोअर मशीन आणावं लागलं असतं.

20 जून

एकोणिसावी गाडी गटाबाहेर उरली होती, कारण चौदावी वाढली. कन्सल्टंटांच्या सांगण्याप्रमाणे तिचा गट पुढच्या सलग निकालांबरोबर लावला, कारण ग्रेड, मिक्स आणि प्लांट तेच: गाडी 19 चे 37.1, कॉलमचे 35.4 आणि 36.8, लिफ्टच्या भिंतीचे 34.2. सरासरी 35.9.

कॉलम आणि भिंत एकट्याने तपासले तर अट थोडी कडक होते. 30 घनमीटरपर्यंतच्या कामात, जिथे चार नमुने होतच नाहीत, तिथे असतील तेवढ्या नमुन्यांची सरासरी ग्रेडच्या 4 वर, म्हणजे 34, आणि एकही नमुना 28 च्या खाली नको. नमुना एकच असेल तर त्या एकालाच 34 गाठावे लागतात. कॉलमची सरासरी 36.1, भिंतीचा एकटा निकाल 34.2. दोन्ही बसले, भिंतीचा जेमतेम.

त्यामुळे पुढच्या छोट्या ओतकामांना तक्ता एक म्हणाला तरी दोन नमुने घ्यायचे ठरवलं आहे. पहिला स्लॅब एम 25, बीमसह 36 घनमीटर, 6 गाड्या. शीटमध्ये तक्ता 4, साठची अट 3, म्हणजे 4 नमुने. 12 क्यूब 28 दिवसांचे, 3 सात दिवसांचे, आणि सेंट्रिंग कधी काढायचं ते ठरवायला आणखी 3, जे स्लॅबवरच, स्लॅबबरोबर भिजवायचे. 18 मोल्ड. स्टोअरमध्ये 12 आहेत, 6 भाड्याने सांगितले. प्लांट बदलला तर एक नमुना वाढवायचा, त्यासाठी 3 मोल्ड या वेळी वेगळे काढून ठेवले आहेत. म्हणजे भाड्याचे 9.